कीर्तनातला धागा कसा टिकतो?

धर्मापुरीसारख्या गावातल्या सप्ताहात दोन तासांचं वारकरी कीर्तन ऐकताना एक गोष्ट टिपून पाहा मंडळी. बुवा सुरुवातीलाच अख्खा अभंग म्हणतात, म्हणजे वाट आधीच कळते. मग एकेक चरण घेऊन निरूपण. खरी कसोटी दृष्टांताची. गोष्ट रंगली की मूळ मुद्दा विसरला जातो. म्हणून जाणता कीर्तनकार गोष्टीत शिरण्याआधी प्रश्न टांगून ठेवतो: “देव भक्ताच्या मागे का लागतो? ऐका.” गोष्ट संपली की तोच प्रश्न पुन्हा विचारतो, उत्तर देतो, “म्हणून महाराज म्हणतात...” एवढंच बोलून चरण उचलतो. टाळकरी तो झेलतात, मृदंग घुमतो, विठ्ठलनामाचा गजर होतो. मागे डुलक्या घेणाऱ्यालाही कळतं, एक मुद्दा संपला.

बिघडतं कुठे? दृष्टांतात दुसरा दृष्टांत घुसला की. मग “असो, मूळ मुद्दा काय...” म्हणताना बुवाच चाचपडतात, टाळकरी एकमेकांकडे बघतात. नुसतं “असो” पुरत नाही. कुठे परतलो, तेही सांगावं लागतं.

शाळेत, ग्रामसभेत लांब बोलायचं असेल तर गोष्टीआधीचा आणि गोष्टीनंतरचा प्रश्न शब्दशः एकच ठेवून बघा.