म्हातारपणी अंगावर पडणारे काळे-निळे डाग

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर, कुठे मार लागल्याचे आठवत नसतानाही काळे-निळे डाग दिसू लागतात. घरची माणसे म्हणतात, "वय झालं, आता असं व्हायचंच." पुष्कळदा हे म्हणणे खरेच असते. पण कधी कधी रक्तातला मोठा बिघाड अशाच डागांतून पहिल्यांदा बाहेर दिसतो. आम्ही काही डॉक्टर नाही. परंतु वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात जाता-येता डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

असा डाग म्हणजे कातडीखाली सांडलेले रक्त होय. ते सांडू नये म्हणून शरीराने तीन बंदोबस्त केलेले असतात. पहिला, बारीक रक्तवाहिन्यांना भोवतालच्या कातडीचा आधार. दुसरा, रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या अतिसूक्ष्म पेशी. वाहिनी फुटली की त्या धावून जाऊन छिद्राला बूच लावतात. तिसरा, ते बूच पक्के करणारी, यकृतात तयार होणारी रक्त गोठवणारी द्रव्ये. यांतला कोणता बंदोबस्त ढिला पडला, यावर डागाचे रूप ठरते.

म्हातारपणी सहसा पहिला ढिला होतो. कातडीतले कोलॅजनचे तंतू आणि खालची चरबी झिजते, वाहिन्या उघड्या पडल्यासारख्या होतात. ज्यांचा जन्म उन्हात राबण्यात गेला, त्यांची कातडी अधिकच झिजते. अशा माणसाला बांगडीचा, खाटेच्या कडेचा नुसता घासा लागला तरी पुरतो. तो लक्षातही राहत नाही. हे डाग बहुधा मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि पंज्याच्या पाठीवर येतात. ते गडद जांभळे असतात आणि दुखत नाहीत. साध्या मुक्या माराचा डाग हिरवा-पिवळा होत जातो, तसे यांचे सहसा होत नाही. एक ते तीन आठवड्यांत ते विरतात आणि मागे तपकिरी खूण राहते. त्यांना औषध लागत नाही. लांब बाह्यांचा सदरा किंवा पोलके घालावे आणि हाताला रोज तेल लावावे, एवढे पुरे. दमा किंवा संधिवातासाठी फार दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, तरी कातडी अशीच पातळ होते. गुडघेदुखीवर गावोगाव विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण औषधांचे. हृदयविकार किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना ॲस्पिरिनची लहान गोळी रोज घ्यावी लागते. ती प्लेटलेटची संख्या कमी करीत नाही, त्यांचे काम बंद पाडते. एकदा ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट पुन्हा कामाला येत नाही. तिचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते, तेवढ्या अवधीत नव्या पेशी येईपर्यंत परिणाम टिकतो. म्हणून रिपोर्टात आकडा चांगला असूनही डाग पडतात. त्यातच कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी सुरू केली, तर परिणामात भर पडते. पण डाग दिसले म्हणून ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करणे हा दुसरा धोका आहे. ज्या झटक्यापासून ती वाचवत असते, तोच झटका येऊ शकतो. ती चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आता एक हकीकत सांगतो. आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे वय ७१. तीस वर्षे रस्ते झाडण्याची नोकरी केली. हातावर डाग पाच-सहा वर्षांपासूनचे, आणि अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेल्याने ॲस्पिरिन चालू. त्यामुळे त्यांच्या डागांची घरात सवय झाली होती. लघवीच्या जळजळीसाठी त्यांना कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या मिळाल्या. आठव्या-नवव्या दिवशी पोटावर आणि मांडीवर नवे डाग उठले. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-काळे ठिपके आले, आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. मुलगा म्हणाला, "आईला डाग नेहमीचेच आहेत." सुनेने मात्र नेमके हेरले की नेहमीचे डाग हातावर असतात, हे पोटावर आहेत.

तिचे हेरणे बरोबर होते. पोट आणि मांडी कपड्याखाली झाकलेली. तिथे ऊनही लागत नाही आणि घासाही सहसा बसत नाही. टाचणीएवढे ठिपके बहुधा प्लेटलेट कमी झाल्याची खूण असतात. काचेचा पेला दाबून धरला तरी ते नाहीसे होत नाहीत, कारण रक्त वाहिनीबाहेर पडलेले असते. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत; म्हणून तोंड उघडायला सांगून टाळू आणि गालाची आतली बाजूही पाहावी.

त्याच दिवशी रक्त तपासले. एका मायक्रोलिटरमध्ये प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्या लागतात. मावशींच्या निघाल्या १४ हजार. काही वेळा नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना कमी मोजते. म्हणून डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावले. पुंजके नव्हते, आकडा खराच होता. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक होत्या, त्यामुळे हाडाच्या मगजातल्या आजाराचा संशय मागे पडला आणि नव्या गोळीवर बोट आले. काही माणसांत अशा गोळीमुळे शरीर आपल्याच प्लेटलेट मारू लागते. हे बहुधा गोळी सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी घडते. गोळी बंद झाली. ॲस्पिरिनही डॉक्टरांनी तेवढ्यापुरती थांबवली. मावशींना दवाखान्यात ठेवून रोज आकडा पाहिला. सातव्या दिवशी तो लाखाच्या वर गेला, मग ॲस्पिरिन पुन्हा सुरू झाली. ती लघवीची गोळी त्यांना यापुढे कधीही द्यायची नाही, असे केसपेपरावर लिहून दिले.

राहिला तिसरा बंदोबस्त, रक्त गोठवणाऱ्या द्रव्यांचा. तो बिघडला की ठिपके येत नाहीत. रक्त खोलवर साठते. मांडीत किंवा दंडात मोठी, दुखरी सूज येते. दात काढल्यावर थांबलेले रक्त काही तासांनी पुन्हा वाहू लागते. दारूने किंवा काविळीने यकृत खराब झाले असेल, तर असे होते. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी जास्त झाली, तरीही होते. अशी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर हा आकडा बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मध्येच मेट्रोनिडाझोलसारखे जुलाबाचे औषध घेतले तर तो एकदम चढू शकतो. क्वचित म्हातारपणी शरीर आपल्याच एका गोठवणाऱ्या द्रव्यावर उलटते आणि अचानक मोठाले काळे डाग पसरतात. अशा वेळी प्लेटलेटचा आकडा नेहमीसारखाच येतो, म्हणून पीटी आणि एपीटीटी या तपासण्याही कराव्या लागतात.

तेव्हा हातावरचे जुने, न दुखणारे डाग पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवले तरी चालतात. पोटावर, पाठीवर, मांडीवर नवे डाग, बारीक ठिपके, हिरडी किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौचास, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले माणूस डोक्यावर पडले, तर जखम दिसत नसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण आत साठणारे रक्त कित्येक तासांनी त्रास देऊ लागते. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून न्यावेत. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, हेही कागदावर लिहावे. मावशींच्या बाबतीत कारण सापडले ते याच तारखेवरून.