चार फुटी बाथरूममधली व्हॅनिटी

ठाणे-डोंबिवलीपासून पुण्याच्या उपनगरांपर्यंत जुन्या इमारतींतल्या वन-बीएचके फ्लॅटमध्ये बाथरूम बहुधा चार बाय सात फुटांच्या आसपास असते. सकाळी आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सगळं घर तिथेच रांग लावतं. अशा जागेसाठी व्हॅनिटी, म्हणजे खाली कपाट असलेलं बेसिन, घ्यायला गेलं की बहुतेकजण आधी विचारतात, ‘दोन फुटी घ्यायची की अडीच फुटी?’ माझ्या मते आधी पाहायला हवं ते वेगळंच : ती भिंतीपासून पुढे किती येते.

समजा, दार चार फुटांच्या भिंतीत आहे, आत उघडतं आणि डाव्या भिंतीला टेकतं. फळी २७ इंचांची आणि चौकट तीनेक इंचांची. म्हणजे उघडताना दार डावीकडून ३० इंचांपर्यंत फिरतं. बेसिन उजव्या भिंतीला, दारालगत. दुकानात सर्रास दिसणारी व्हॅनिटी १८ इंच खोल असते. ४८ मधून १८ गेले की उरतात बरोबर ३०, म्हणजे दाराची कड कपाटाला घासणार आणि कडीवरचा हात सोलवटणार. तीच व्हॅनिटी १४ इंच खोल घेतली तर चार इंच मोकळे मिळतात आणि भरलेली बादली घेऊन सरळ आत जाता येतं. पैसे देण्याआधी तेवढ्या मापाचं खोकं त्या जागी, त्या उंचीवर धरून दार उघडून बघावं. उथळ बेसिनला नळ मात्र आखूड आणि बुटका हवा. उंच, लांब नळाची धार पुढच्या काठावर पडते आणि अंगावर उडते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. परदेशी कॅटलॉगमधल्या बाथरूममध्ये अंघोळ काचेआड होते आणि बाकीची फरशी कोरडी राहते. आपण बादली-मगने अंघोळ करतो आणि मग सगळी फरशी पाणी ओतून धुतो. म्हणून पायांवर उभी असलेली व्हॅनिटी इथे टिकत नाही. ती भिंतीला टांगलेलीच हवी, फरशीपासून निदान १० इंच वर, म्हणजे खराटा आणि पोछा खालून फिरतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ यांच्या वाटेला जाऊ नये. बोर्डाची खालची कड फुगायला लागली आणि सनमायका सुटायला लागला, की पाणी आत शिरलं असं समजावं. त्यानंतर दुरुस्ती नाही. प्लायच घ्यायचा तर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही सील करून घ्याव्यात, कारण नेमक्या त्याच उघड्या राहतात. पीव्हीसी बोर्ड फुगत नाही, पण त्यात स्क्रूची पकड कमी असते. त्यामुळे झडपा लहान आणि हलक्या ठेवाव्या लागतात. कपाटाच्या मागच्या बाजूला फळी नको. अँगल कॉक आणि बॉटल ट्रॅपपर्यंत प्लंबरचा हात पोचलाच पाहिजे.

बेसिनचा काठ ३२ इंचांवर ठेवला तर मोठ्यांची सोय होते, मुलांना स्टूल द्यावं. आजीला आधारासाठी काहीतरी धरावं लागतं आणि हात आपसूक बेसिनकडेच जातो. टांगलेली व्हॅनिटी हा आधार नव्हे. त्यासाठी शेजारी भिंतीत वेगळा दांडा बसवावा.

आरशाचं कपाट चार इंच खोल पुरतं. पेस्ट, ब्रश, दाढीचं सामान, तेलाची बाटली त्यात आरामात मावते. याहून खोल घेतलं की चूळ भरायला वाकताना कपाळ आपटतं. आरशाची खालची कड फरशीपासून ४४ इंचांवर आणि वरची ६८ वर धरली, तर पावणेपाच फुटांच्या आजीला आणि पावणेसहा फुटांच्या मुलाला एकाच आरशात तोंड दिसतं. दोन फुटांची एकच झडप उघडताना माणसाला मागे सरावं लागतं, त्यापेक्षा फूटभराच्या दोन बऱ्या. आरसा कडांकडून काळा पडतो, तो मागच्या चांदीच्या थरात ओल शिरल्यामुळे. तो चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉनच वापरायला सांगावं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तो थर खातं. औषधं मात्र इथे ठेवू नयेत. गीझरच्या पाण्याची वाफ त्यांना सोसत नाही.

फळ्या थोड्याच हव्यात. साबण-शांपूसाठी अंघोळीच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटची एक तिकोनी पट्टी, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. स्टीलचं रॅक घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, पण ३०४ आणि स्वस्त २०२ या दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही. तेव्हा बिलावर ‘३०४’ लिहूनच घ्यावं. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत २०२ लवकर गंजतं. टाइल्स धुवायच्या ॲसिडपुढे मात्र दोन्ही हरतात.

भोकं पाडण्याआधी भिंतीतले पाइप कुठून गेलेत ते प्लंबरला विचारावं. नळाच्या आणि गीझरच्या सरळ रेषेत, उभं किंवा आडवं, ड्रिल लावू नये. टाइलला भोक पडेपर्यंत हॅमर बंद ठेवावा, नाहीतर टाइल तडकते. भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर साधे प्लग ढिले पडतात. तिच्यासाठी वेगळे अँकर मिळतात आणि दगडी टॉपची व्हॅनिटी टांगायची तर ते लागतातच.