एक पाय मोठा असेल तर बूट कोणत्या मापाचा?

बुटांच्या दुकानात विक्रेता बहुतेकदा एकाच पायाचा बूट हातात देतो. तो बसला की आपण पैसे देऊन मोकळे होतो आणि चार दिवसांनी दुसऱ्या पायाच्या अंगठ्याचं नख ठणकू लागतं. बुटात दोष नसतो. बहुतेकांचे दोन पाय दोन-तीन मिलिमीटरनं लहानमोठे असतात, आणि काहींच्या बाबतीत हा फरक अर्ध्या किंवा एका नंबराएवढा भरतो. आपल्याकडे रुळलेली सहा, सात, आठ ही मापं इंग्लंडच्या पद्धतीची आहेत. तिच्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर.

म्हणून आधी घरी दोन्ही पाय मोजा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला लावून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे आलेलं असतं. बसून माप घेऊ नका. उभं राहिल्यावर वजनानं पाऊल पसरतं. मोठा पाय उजवाच असतो हेही गृहीत धरू नका.

समजा, दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा डावा पाय 255 मिलिमीटर भरला आणि उजवा 249. मधलं माप घ्यावं असा मोह होतो, पण तो टाळायला हवा. चामडं वापरून रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला जवळजवळ नाहीच. आखूड बुटात डाव्या पायाची बोटं रोज दुमडणार, नख काळं पडणार, भोवरी होणार. म्हणून बूट डाव्या पायाच्या मापानं घ्यायचा, बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून. नंबर कंपनीगणिक थोडा बदलतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून, दुकानात चालून पाहा.

आता उजव्या बुटात सहा मिलिमीटर जास्तीचे राहिले. वाढत्या मापाच्या शाळेच्या बुटात पुढे कापूस कोंबायची आपल्या घरोघरची सवय इथे अगदी चुकीची ठरते. कापसानं पुढची जागा भरते, पण टाच सैलच राहते. प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि बोटं कापसावर आपटतात. शिवाय चवडा बुटाच्या वाकण्याच्या जागेपासून सरकतो, त्यामुळे बूट एकीकडे वाकतो आणि पाय दुसरीकडे.

खरं काम पाय मागे, टाचेच्या खळग्यात धरून ठेवण्याचं आहे. तो तिथे टेकला की बोटांपुढची जास्तीची जागा कोणाला त्रास देत नाही. यासाठी सर्वांत आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला, नाड्यांच्या खाली, फेल्टची किंवा फोमची पातळ गादी चिकटवा. ती पावलाला वरून दाबून मागे ढकलते. मग नाडी बांधून जिना चढून पाहा. टाच किंचित उचलली गेली तर हरकत नाही, पण ती खळग्यातून बाहेर येऊ लागली तर अजून भर हवी. तेव्हा चवड्याखाली पातळ अर्धा इनसोल घाला. त्यानं बुटाच्या पुढच्या भागातली जागा भरते आणि टाच होती तिथेच राहते. जाड पूर्ण इनसोल टाचेलाही वर उचलतो, ती खळग्याच्या कडेवर येते आणि जास्तच निसटते. टाचेमागे चिकटवायची पट्टी सर्वांत शेवटी, कारण ती पायाला पुढे ढकलते. टाचच बारीक असेल तर मात्र तिचा उपयोग होतो. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर जिभेची गादी जाड झाली असं समजा आणि पातळ लावा.

हे सगळं जमतं ते नाडीच्या किंवा पट्ट्याच्या बुटात. नाडी नसलेल्या, पाय नुसता सरकवायच्या बुटाला वरून आवळायला काही नसतं, म्हणून पायांत फरक असणाऱ्यांनी ते शक्यतो घेऊच नयेत. फरक एका नंबराहून बराच जास्त असेल, जसा पोलिओनंतर किंवा जन्मतः वाकड्या पायावर उपचार झाल्यावर राहू शकतो, तर गाद्यांनी भागत नाही. दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात, किंवा चांगल्या कारागिराकडून दोन्ही पायांची वेगळी मापं देऊन बूट शिवून घ्यावे लागतात. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांना गादीचं घासणं कळत नाही आणि जखम होऊन चिघळते. त्यांनी बुटात काहीही घालण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. आणि आजवर सारखे असलेल्या पायांपैकी एकच पाय अचानक सुजून बूट घट्ट होऊ लागला, तर नवा बूट शोधू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.