तबकडीची एक बाजू

1977 मध्ये नासाने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. जगभरातलं निवडक संगीत त्यात भरलं आहे. त्यातलं भारताचं एकमेव गाणं केसरबाई केरकरांचं आहे: भैरवीतलं 'जात कहाँ हो'. ते बरोबर साडेतीन मिनिटांचं आहे. केसरबाई मैफिलीत एकेक राग तासभर सहज मांडत. मग भैरवी साडेतीन मिनिटांतच का आवरली? कारण ते गाणं मुळात 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर मुद्रित झालं होतं, आणि त्या तबकडीच्या एका बाजूत मावेल तेवढंच त्यांना गाता आलं.

ही बाजू आली कुठून, ते आधी पाहू. एडिसनने 1877 मध्ये आवाज पकडला तो कथलाच्या वर्खावर. वर्ख दोन-चारदा वाजवला की फाटायचा. पुढे मेणाचं नळकांडं आलं. त्यावर साधारण दोन मिनिटांचं गाणं मावे, आणि घरबसल्या स्वतःचा आवाजही भरता येई. अडचण होती ती प्रतींची. सुरुवातीला नळकांड्याचा ठसा काढायची सोय नव्हती, म्हणून गायकापुढे पाच-दहा यंत्रं मांडून ठेवत आणि तेच गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा गायला लावत. एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली. चकतीचा धातूचा साचा बनवता येतो, आणि एका साच्यातून हजारो प्रती दाबून काढता येतात. धंद्याचा निकाल तिथेच लागला. साच्याची सोय नळकांड्यालाही पुढे झाली, पण तोवर उशीर झाला होता.

या चकतीचा मुख्य कच्चा माल आपल्याकडचाच होता. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जो थर चढवतात, त्यापासून शुद्ध केलेली लाख, तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. भुकटी मुद्दाम घालत. वाजवताना पोलादी सुईवर कर्ण्याकडच्या सगळ्या जोडणीचं वजन येई, आणि भुकटी त्या सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करी. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. रेकॉर्ड लावली की ऐकू येणारी खरखर बरीचशी या भुकटीचीच.

आता हिशेब करू. दहा इंची तबकडीवर, मधली लेबलची जागा सोडली तर, खाच कोरायला पावणेतीन इंचांच्या आसपास पट्टा उरतो. खाच जाड असल्याने एका इंचात शंभराच्या आतबाहेर फेरे बसतात. म्हणजे एकूण अडीचशे-पावणेतीनशे फेरे. मिनिटाला 78 या गतीने ते सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपतात. बारा इंची तबकडीत आणखी मिनिटभर मिळे, पण ती महाग असे. फेरे दाट करावेत तर सुई शेजारच्या खाचेत घसरायची, गती कमी करावी तर वरचे सूर त्या ओबडधोबड खाचेत कोंबले जाऊन बसायचे. लाख, सुई आणि गती अशी एकमेकांत अडकलेली होती, म्हणून ही मर्यादा जवळजवळ पन्नास वर्षं हलली नाही.

या साडेतीन मिनिटांपुढे ख्याल ठेवून पाहा. विलंबित एकतालात बारा मात्रा, आणि एका मात्रेला चार सेकंद दिले तर एक आवर्तन 48 सेकंदांचं. दोनशे सेकंदांत चार आवर्तनं. पहिल्यात स्थायी, दुसऱ्यात अंतरा, आणि आता बढत सुरू करावी म्हणेपर्यंत खेळ खलास. म्हणून बहुतेक गायकांनी विलंबित बाजूलाच ठेवलं. मध्य किंवा द्रुत लयीची बंदिश घ्यायची, मुखडा लगेच मांडायचा, दोन-तीन छोट्या आलापांत रागाचं अंग दाखवायचं, अंतरा उरकायचा आणि उरलेल्या वेळात बोलताना आणि ताना. मैफिलीत चुकलेली जागा पुढच्या आवर्तनात सावरता येते, इथे ती सोयच नव्हती. मेणावर एकदा उमटलं की उमटलं.

1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला यंत्र घेऊन आला तेव्हा गौहर जानने हे तंत्र फार लवकर ओळखलं. गाणं संपलं की शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. तबकड्या दाबल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळायला असं नाव उपयोगी पडे.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हले आणि पडद्याला जोडलेली सुई मेण कोरी. पट्टीतला चढा, खणखणीत आवाज छान उमटे, तर हळू किंवा खर्जातलं काही हाती लागत नसे. तारसप्तकात गेलं की तोंड मागे घ्यावं लागे, नाहीतर सुई उडे. तंबोऱ्याचा तर मागमूसही नसे. त्यामुळे 1920 च्या आधीची रेकॉर्ड ऐकून त्या पिढीचं गाणं 'कोरडं' होतं असं ठरवणाऱ्यांनी जरा थांबावं. कोरडेपणात कर्ण्याचा वाटा मोठा आहे.

आणखी एक फसगत गतीची. '78' हा आकडा नंतर पक्का झाला. आधीच्या तबकड्या कुठे 74, कुठे 80 अशा गतीने कोरल्या गेल्या. 74 ने भरलेली तबकडी 78 ने वाजवली तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. काळी चारचा गायक पांढरी सहाला गातो आहे असं वाटतं, आणि ताना खऱ्यापेक्षा चपळ होतात. ऐकताना आवाज किंचित बारीक आणि शब्द घाईत वाटले, की गतीचाच संशय घ्यावा. अमुक गवयाच्या तानांचा वेग अचाट होता वगैरे आख्यायिकांमध्ये चावीच्या मोटारीचाही थोडा हात असतो.

1925 पासून विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि मायक्रोफोनमुळे हळू आवाजातलं गाणंही तबकडीवर टिकू लागलं. हा बदल ख्यालापेक्षा मराठी गाण्याला अधिक मानवला. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरकडचे तरुण वकील जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन तिची रेकॉर्ड केली, आणि ती घरोघर वाजली. भावगीत हा प्रकार पुढे ज्या घाटात स्थिरावला, त्याकडे तबकडीच्या नजरेने पाहा. छोटा वाद्यमेळ, ध्रुवपद, मग दोन-तीन कडवी, मध्ये ठरलेले वाद्यांचे तुकडे, आणि सव्वातीन मिनिटांत सगळं संपतं. दोन तासांचं काही कापून केलेला हा तुकडा नव्हता, जन्मच या मापाचा. आधीचं नाट्यपद रंगभूमीवर वन्समोअरवर वन्समोअर घेत वाढत जाई, तबकडीवर मात्र त्याची छाटणी व्हायची. भावगीताला छाटावं असं काही नव्हतंच. शिवाय शब्द कानाशी बोलल्यासारखे म्हणण्याची सोय मायक्रोफोनने दिली, ती कर्ण्यापुढे कधीच शक्य नव्हती. म्हणून 78 च्या तबकडीने आपलं संगीत नुसतं आखूड केलं असं म्हणणं मला पटत नाही. रागसंगीतापुढे तिने कात्री धरली हे खरं, पण भावगीताला तिनेच अंगण दिलं.

लाखेची सद्दी संपायला दुसऱ्या महायुद्धाने हातभार लावला. भारतातून जाणारी लाख युद्धकाळात दुर्मिळ झाली, अमेरिकेत रेकॉर्डसाठी तिच्या वापरावर 1942 मध्ये निर्बंध आले, आणि विनाइल या प्लास्टिककडे लक्ष गेलं. जून 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कला एलपी जाहीर केली. विनाइलला भुकटी लागत नाही, त्यामुळे खरखर कमी आणि खाच बारीक कोरता येते. बारीक खाचेला हलकी, बारीक सुई पुरते, आणि मग गती 33⅓ पर्यंत उतरवता येते. हा आकडा कोलंबियाचा नव्हे. 1926 च्या सुमारास बोलपटाची साथ करणाऱ्या मोठ्या तबकड्या फिल्मच्या सुमारे अकरा मिनिटांच्या रिळाइतक्या चालाव्यात म्हणून ही गती आधीच वापरात होती. या साऱ्याचा परिणाम एका वाक्यात: बारा इंची तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची झाली.

1955 मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली तेव्हा एका बाजूला एकच राग असं मांडता आलं. आपल्याकडे एलपी रुळायला साठचं दशक उजाडलं. त्या दशकाच्या आरंभी आलेली अमीर खाँची एलपी ऐकावी: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्याचा ख्याल झुमऱ्यात आहे. चौदा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. 78 च्या तबकडीत असं गाणं चार आवर्तनांत आटोपावं लागलं असतं. इथे ते हळूहळू उलगडतं, कोमल ऋषभावर थांबतं, षड्जाला टाळत राहतं, आणि श्रोत्याला तोवर वाट पाहायला लावतं. ज्यांना मैफिलीची दारं उघडी नव्हती, अशा गावोगावच्या माणसांनी अतिविलंबित ख्याल पहिल्यांदा नीट ऐकला तो बहुधा अशाच तबकड्यांवर. तरी वीस मिनिटं म्हणजे मैफल नव्हेच. कुठल्या जागेवर किती रेंगाळायचं हे गायकाला आधीच ठरवून बसावं लागे, आणि ते ठरवणं हीदेखील एक प्रकारची रचनाच.

तेच जी. एन. जोशी 1938 मध्ये एचएमव्हीत नोकरीला लागले होते आणि आता मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम पाहत होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही एलपी काढली: शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांचं गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस हा तिचा विषय. पहाटेला अहीर भैरव, मग पिलू, तिन्हीसांजेला भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. सगळं जेमतेम चाळीस मिनिटांत. गंमत अशी की बाजूत वीस मिनिटं हाताशी असताना इथे एकेका रागाला बहुतेक वेळा पाच-सात मिनिटंच दिली आहेत, पहिल्यालाच काय ती बाराच्या आसपास. मैफिलीत कोणी वादक अहीर भैरव आणि देस एका बैठकीत लागोपाठ वाजवणार नाही, रागाच्या वेळेची शिस्त आड येते. तबकडीवर मात्र पूर्ण दिवस चाळीस मिनिटांत बसवता आला आणि श्रोत्यांना तो खटकलाही नाही.