होडीतून मोजलेलं पाणी

एक नदी डोळ्यांपुढे आणा. पाणी सगळीकडे ताशी 2 किलोमीटर वेगानं वाहतंय आणि त्यात कुठलंसं रसायन मिसळलंय, कुठे जास्त, कुठे कमी. दुपारी बाराला तुम्ही धक्क्यावरून होडीनं निघालात. प्रवाहाच्याच दिशेनं, ताशी 6 किलोमीटर वेगानं. वाटेत पाणी तपासत गेलात: बाराला लिटरमागे 10 मिलिग्रॅम, एकला 11, दोनला 12, असं दर तासाला एकेक वाढत गेलं. आता सांगा, तीन वाजता धक्क्यापासून 14 किलोमीटरवर किती रसायन असेल? तीनला तुमची होडी तर 18 किलोमीटरवर होती.

गणिताच्या भाषेत हा पहिल्या कोटीच्या आंशिक अवकल समीकरणाचा प्रश्न आहे. अंतर x, वेळ t आणि रसायनाचं प्रमाण u धरलं, तर समीकरण असं:

u_t + 2u_x = 0

होडीतल्या माणसाला u दोन कारणांनी बदलताना दिसतो, वेळेमुळे आणि जागेमुळे. पण पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या पानाला काहीच बदलताना दिसत नाही. त्याच्यापुरतं dx/dt = 2 आणि du/dt = 0 एवढंच खरं. x आणि t यांच्या कागदावर त्या पानाचा मार्ग काढला की झाला कॅरॅक्टरिस्टिक वक्र. त्याच कागदावर होडीचा मार्ग हा आरंभवक्र. त्याच्यावरच्या नोंदी आपल्या हातात आहेत.

आता कृती. s वाजता होडी 6s किलोमीटरवर होती. तिथलं पाणी पुढे वाहत t वाजता x वर पोचलं, म्हणून x − 6s = 2(t − s), म्हणजेच s = (x − 2t)/4. आपल्या प्रश्नात x = 14, t = 3, म्हणून s = 2. ते पाणी तुम्हाला दोन वाजता, 12 किलोमीटरवर भेटलं होतं. उत्तर 12 मिलिग्रॅम. रसायन दर तासाला निम्मं होत असतं, तर त्या एका तासात 12 चे 6 झाले असते. रीत तीच; फक्त मार्गावर du/dt शून्य न राहता साधं अवकल समीकरण सोडवावं लागतं.

त्या भागाकारातला 4 फार मोलाचा आहे. तो होडीच्या आणि पाण्याच्या वेगांतला फरक. होडी नुसती प्रवाहावर सोडून दिलीत, तर हा फरक शून्य. पाच तास नोंदी घेतल्यात तरी तुम्ही एकच पाणी पुनःपुन्हा मोजता. नोंदी सारख्या आल्या, तर समीकरणाला असंख्य उत्तरं, कारण उरलेल्या नदीबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. नोंदी बदलत गेल्या, तर उत्तरच नाही. आरंभवक्र स्वतःच कॅरॅक्टरिस्टिक नसावा ही अट इथून येते. आणि नुसतं शून्य टाळून भागत नाही. ताशी 2.1 वेगानं पाच तास गेलात, तर जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या पाण्याची माहिती मिळते.

दुसरा घोळ अधिक छुपा. समजा, दोन वाजता 12 किलोमीटरवर तुम्ही नांगर टाकलात आणि मोजत राहिलात. एकला 6 किलोमीटरवर भेटलेलं पाणी बरोबर चारला तुमच्याजवळ येतं. म्हणजे एकच कॅरॅक्टरिस्टिक आरंभवक्राला दोनदा छेदतो. एकला 11 होते, तर चारलाही 11 च हवेत. 9 आले, तर मोजमाप तरी चुकलं किंवा समीकरणात काही राहून गेलं. मला हा दोष वाटत नाही. समीकरण तपासायची याहून चांगली संधी मिळत नाही.

पाण्याचा वेगच u वर अवलंबून असला, u_t + u u_x = 0 असा, तर कॅरॅक्टरिस्टिक रेषा समांतर राहत नाहीत. मागची वेगवान रेषा पुढच्या संथ रेषेला गाठते आणि एका बिंदूवर u ला दोन किमती येतात. तिथून पुढे गुळगुळीत उत्तर नसतं, धक्कालहर धरावी लागते. लाइटहिल आणि व्हिटम यांनी 1955 मध्ये रस्त्यावरच्या वाहनांची कोंडी याच तऱ्हेनं मांडली. रसायन आजूबाजूला पसरूही लागलं, तर समीकरणात दुसऱ्या कोटीचं पद येतं आणि ही रीत तिथे थांबते.

बी.एस्सी.ला आपण लाग्रांजची dx/P = dy/Q = dz/R ही समीकरणं शिकतो, φ(u, v) = 0 लिहितो आणि पुष्कळदा तिथेच पेन ठेवतो. ते φ कोणतं, हे आरंभवक्र ठरवतो. विद्यार्थ्यांनो, पुढचं गणित हाती घेताना आधी कागदावर दोन्ही वक्र काढा आणि ते कुठे एकमेकांना नुसते स्पर्श करतात का, ते पाहा.