छातीत धडधड, आणि शेजारी आपण

रात्री दोन वाजता नवरा दचकून उठतो. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, ‘मी मरतोय’ म्हणतो. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि चक्कर त्यामुळेच.

‘काही झालेलं नाही, उगाच घाबरू नकोस’ हे वाक्य गिळा. त्याला जे होतंय ते खरंच होतंय. त्याऐवजी म्हणा, ‘मी इथेच आहे. हे ओसरेल.’ मग विचारा, ‘हात धरू का?’ नको म्हणाला तर थोडं अंतर ठेवून बसा. न विचारता मारलेल्या मिठीत जीव आणखी गुदमरू शकतो. ‘खोल श्वास घे’ असा धोशा लावू नका. स्वतःच सावकाश, लांब श्वास सोडत राहा. जमलं तर तोही सोडेल. तोंडाला कागदी पिशवी मात्र लावू नका. ‘कशामुळे झालं?’ हा प्रश्न सकाळसाठी ठेवा.

असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल किंवा शुद्ध हरपली, तर अंदाज बांधत बसू नका. १०८ला फोन करा.