दुभाष्याला जागा ठेवणारे प्रवचन

वाक्यागणिक भाषांतर होणारे प्रवचन लिहिताना पहिला फरक वेळेत पडतो. उपासनेत प्रवचनाला ३० मिनिटे ठेवलेली असतील, तर वक्त्याच्या स्वतःच्या वाट्याला १५ मिनिटेही येत नाहीत. भाषांतर बहुधा मूळ वाक्यापेक्षा थोडे लांब होते, आणि दर वाक्यामागे बोलणे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर जातो. म्हणून मजकूर १२ ते १३ मिनिटांत मोठ्याने वाचून होईल इतकाच असावा. नेहमीचे प्रवचन घेऊन जरा भरभर बोलू, हा हिशेब हमखास चुकतो. दुभाषी मागे पडतो, वाक्ये गाळू लागतो आणि शेवटची दहा मिनिटे दोघांचीही धावपळ होते. निम्मा मजकूर आधीच काढायला हवा. तीन मुद्द्यांच्या प्रवचनातला एक मुद्दा पूर्ण ठेवणे हे तिन्ही मुद्दे अर्धवट ठेवण्यापेक्षा चांगले.

दुभाष्याला एका वेळी किती द्यावे, हा प्रश्न फार जुना आहे. यहुदी सभास्थानांत शास्त्रपाठ हिब्रूत वाचला जाई आणि शेजारी उभा असलेला दुभाषी तो लोकांच्या अरामी भाषेत सांगे. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात याविषयी नियम आहे. नियमशास्त्र वाचताना दुभाष्याला एका वेळी एकच वचन द्यावे. संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचताना तीन वचने चालतील, पण ती तीन वेगवेगळ्या परिच्छेदांतली असतील तर एकेकच वाचावे. म्हणजे मोजमाप नुसत्या लांबीचे नव्हते. अर्थ जिथे पुरा होतो, तिथेच थांबायचे होते.

मराठीतून इंग्रजीत भाषांतर व्हायचे असेल, तर हे तत्त्व फार कसोशीने पाळावे लागते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजी दुभाष्याला मात्र कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागते, त्यामुळे मराठी वाक्य संपेपर्यंत त्याला तोंडच उघडता येत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरचे पुढील वाक्य कागदावर मुळीच वाईट नाही: ‘ज्या मुलाने आपल्या वाट्याची मालमत्ता मागून घेऊन, ती दूरदेशी उधळून, डुकरे चारण्याची वेळ आल्यावर घरी परतण्याचे ठरवले, त्याला लांबून येताना पाहताच, वडीलधाऱ्या माणसाने धावणे त्या काळी कमीपणाचे मानले जात असतानाही, बापाने धावत जाऊन मिठी मारली.’ यातला कर्ता, म्हणजे बाप, अगदी शेवटी भेटतो. तोवर दुभाष्याला पाच-सहा गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि त्यांतल्या दोन तरी निसटतात.

हेच वाक्य भाषांतरासाठी असे लिहिता येते:

धाकट्या मुलाने बापाकडे आपला वाटा मागितला.
तो वाटा त्याने दूरदेशी उधळून टाकला.
पुढे त्याच्यावर डुकरे चारायची वेळ आली.
मग मुलाने घरी परतायचे ठरवले.
मुलगा अजून लांब होता.
पण बापाने त्याला पाहिले.
त्या काळी वडीलधारा माणूस असा धावत नसे.
हा बाप धावला.

प्रत्येक ओळीत एक कर्ता आणि एक क्रियापद आहे. सर्वात लांब ओळही सात शब्दांची आहे. दहा-बारा शब्द सहज चालतात, पंधराच्या पुढे मात्र जाऊ नये. ‘मग’, ‘पण’ हे शब्द ओळीच्या सुरुवातीलाच आल्याने मागच्या ओळीशी असलेले नाते दुभाष्याला लगेच कळते. मुलगा आणि बाप यांची नावे मुद्दाम पुन्हा पुन्हा घेतली आहेत. ‘त्याने त्याला पाहिले’ असे म्हटले, तर कोणी कोणाला, हे वक्त्याला ठाऊक असते. मध्ये दुसऱ्या भाषेतले वाक्य येऊन गेल्यावर श्रोत्याला ते आठवेलच असे नाही. छापील गद्यात जी पुनरुक्ती खटकली असती, तीच इथे आधार होते.

याचा अर्थ वाक्याचे हवे तिथे तुकडे करावेत असा मात्र नाही. दोन-तीन शब्द बोलून थांबण्याची सवय लांब वाक्याइतकीच घातक ठरते. ‘देव आपल्याला लायकीप्रमाणेच वागवतो,’ असे म्हणून वक्ता थांबला आणि भाषांतर झाल्यावर त्याने ‘असे येशू शिकवत नाही’ असे जोडले, तर मंडळीने आधीच उलटी शिकवण ऐकलेली असते. मराठीतला नकार शेवटी येतो, त्यामुळे हा धोका आपल्याकडे अधिक. तिथे ‘देव आपल्याला लायकीप्रमाणे वागवत नाही’ ही एकच पुरी ओळ हवी.

ओळी आखडल्या की प्रवचनाचा चढ जातो, अशी तक्रार असते. ती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. वाढत जाणाऱ्या लांबलचक वाक्याने साधणारा आवेग इथे मिळत नाही. तो एकाच घडणीच्या ओळी पुन्हा पुन्हा आणून मिळवावा लागतो. ‘बापाने हिशेब मागितला नाही. बापाने कारण विचारले नाही. बापाने अट घातली नाही.’ दुसऱ्या ओळीपासून दुभाष्याला साचा उमगतो, तो वाट पाहायचे थांबतो आणि दोघांची लय आपोआप वाढते. १९७३ साली सोलच्या योइदो मैदानावर बिली ग्रॅहम यांचे इंग्रजी प्रवचन बिली किम यांनी कोरियनमध्ये सांगितले. शेवटच्या दिवशी तिथे दहा लाखांवर लोक जमले होते असे सांगतात. मराठीसारखेच कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येते. ग्रॅहम यांची वाक्ये आखूड आणि पुरी असत, म्हणून किम यांना त्यांच्या आवाजाचा चढउतार आणि हातवारेही उचलता आले.

काही गोष्टी लिहितानाच गाळाव्या लागतात. यमक, शब्दांवरची कोटी, एकाच अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे यांतले काही पलीकडे पोचत नाही. कवितेच्या ओळींचे आयत्या वेळी भाषांतर होत नाही. प्रसंगातला विनोद मात्र पोचतो, फक्त हशा दोनदा येतो आणि दुसऱ्या हशासाठी थांबावे लागते.

शास्त्रवचनांची वेगळी काळजी घ्यावी लागते. दुभाष्याने ती तोंडी भाषांतरित करू नयेत. श्रोत्यांच्या बायबलमधून वाचावीत. त्यासाठी अध्याय आणि ओवी आधी कळवायला हवी, आणि श्रोत्यांच्या आवृत्तीत नसलेल्या शब्दावर मुद्दा उभा करता कामा नये. नावेही घोटाळ्यात टाकतात. मराठी बायबलमध्ये इसहाकाचा मुलगा याकोब आहे आणि नव्या करारात पत्र लिहिणाराही याकोबच आहे. इंग्रजीत ही दोन निराळी नावे आहेत. नुसते ‘याकोब म्हणतो’ ऐकून दुभाषी चुकला, तर दोष त्याचा नाही.

म्हणून मजकूर निदान एक दिवस आधी दुभाष्याच्या हाती असावा आणि दोघांनी पहिली दोन पाने तरी उभे राहून मोठ्याने म्हणून पाहावीत. दुभाषी जिथे अडखळतो, तिथे ओळ बदलायची असते. भाषांतर मूळ ओळीपेक्षा सतत बरेच आखूड होत असेल, तर अर्थ गळतो आहे. ओळ संपल्यावरही दुभाषी वक्त्याकडेच पाहत राहिला, तर ती त्याला पुरी वाटलेली नाही. तिथे मजकूर दुरुस्त करावा. शेवटची प्रार्थनाही याच बेताने आखूड ओळींत लिहून ठेवावी. उत्स्फूर्त प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात, वाक्ये लांबत जातात, आणि कुठे थांबायचे याची खूण दुभाष्याला मिळत नाही.